गाडी कितीला सोडायची?

जुनी मोटरसायकल विकताना मालकाच्या डोक्यात एकच आकडा पक्का बसलेला असतो: आपण शोरूममध्ये किती मोजले. 'पंच्याऐंशीला घेतली होती, पन्नास तरी यायला हवेत,' असा त्याचा हिशेब असतो. पण घेणाऱ्यापुढे प्रश्न वेगळा असतो. हीच गाडी आज नवी घ्यायची तर किती पडतील, आणि जुनी घेऊन त्यातले किती वाचतील, एवढेच तो बघतो. जुन्या गाडीची किंमत याच आकड्याला टेकून उभी असते. पाच वर्षांपूर्वी मोजलेले पैसे हा इतिहास झाला.

२२ सप्टेंबर २०२५ या दिवशी हे सगळ्यांना एकदम दिसले. त्या दिवसापासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ७०,००० रुपये असलेली गाडी शोरूममध्ये आधी ८९,६०० रुपयांना पडत होती, ती ८२,६०० रुपयांवर उतरली. म्हणजे सात हजार कमी. आदल्या महिन्यात गाडी घेतलेल्या माणसाने काहीही न करता त्याच्या गाडीची बाजारातली किंमत घसरली, कारण शेजारी उभी असलेली नवी गाडीच स्वस्त झाली. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांचे नेमके उलटे झाले. त्यांच्यावर आधी सेस धरून ३१ टक्के कर होता, तो ४० टक्के झाला. नवी गाडी महागल्यामुळे जुनीचा मालक थोडा वर सरकला. म्हणून हिशेब मांडताना पहिली ओळ आजच्या किमतीची असावी, आणि तीही ऑन-रोड किमतीची. महाराष्ट्रात मोटरसायकलचा रस्ता कर नोंदणीच्या वेळी एकरकमी भरलेला असतो आणि तो गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जातो. त्यामुळे घेणाऱ्यासाठी नव्या गाडीची तुलना एक्स-शोरूम आकड्याशी होत नाही.

मॉडेल बंद झाले असेल तर त्याच कंपनीचे, त्याच कामाचे सध्याचे मॉडेल धरायचे. यात थोडी ओढाताण होते, पण इलाज नाही.

यानंतर वय. गाडीची किंमत दरवर्षी सारख्या रकमेने उतरत नाही. पहिल्या वर्षी मोठा घसरा बसतो, मग उतार हळूहळू सपाट होत जातो. पहिल्या घसऱ्याचे कारण साधे आहे: विमा, नोंदणी, हाताळणी, ॲक्सेसरीज असे शोरूममध्ये मोजलेले बरेच पैसे परत येणारे नसतात, आणि दुसऱ्याच्या नावावर असलेली गाडी घेताना माणूस सवलत मागणारच. रोजच्या वापराच्या, चांगली मागणी असलेल्या गाडीसाठी ढोबळ आडाखा असा बांधता येतो: पहिल्या वर्षी ऑन-रोड किमतीच्या वीस टक्के जातात, त्यानंतर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या दहा ते बारा टक्के. 'उरलेल्या किमतीच्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दरवर्षी मूळ किमतीचे दहा टक्के कापत गेले तर नवव्या वर्षी गाडी फुकट मिळायला हवी. तशी ती मिळत नाही, कारण चालू स्थितीतल्या, कागद पक्के असलेल्या कुठल्याही गाडीला बाजारात एक तळाची किंमत असतेच.

विम्याच्या कागदावर 'आयडीव्ही' म्हणून एक रक्कम छापलेली असते आणि पुष्कळ जण तीच गाडीची अधिकृत किंमत समजतात. तिचे कोष्टक ठरलेले आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. त्यापुढे कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचे. हे कोष्टक कंपनीच्या जाहीर किमतीवर चालते, नोंदणी आणि विमा त्यात नसतो. मुख्य म्हणजे त्याला गाडी ओळखू येत नाही. पुण्यात आठवड्याभरात उचलली जाणारी शंभर सीसीची गाडी आणि तीन महिने ग्राहकाची वाट बघणारी चारशे सीसीची गाडी या दोघींना ते एकाच टक्केवारीने कापते. गाडी चोरीला गेली तर भरपाईची वरची मर्यादा किती, हे ठरवण्यासाठी ते ठीक आहे. सौदा ठरवताना ते फक्त पडताळ्यापुरते बघावे.

वय मोजताना एक छोटी गोम असते. आरसीवर नोंदणीची तारीख असते, तसा उत्पादनाचा महिना आणि वर्षही असते. डिसेंबरमध्ये तयार झालेली गाडी फेब्रुवारीत पासिंग झाली तर ती बोलण्यात पुढच्या वर्षाची होते. दोन महिन्यांचा फरक फार नाही, पण आठ-नऊ महिने गोडाऊनमध्ये पडून राहिलेली गाडी असेल तर एक वर्षाचा घसारा इकडचा तिकडे होतो. १ एप्रिल २०२० च्या आसपासच्या गाड्यांमध्ये तर हे बघायलाच हवे. त्या तारखेपासून बीएस-६ नियम लागू झाले, आणि त्याआधीच्या काही महिन्यांत बीएस-४ गाड्यांचा शिल्लक माल सवलतीत काढला गेला. मार्चमधली कार्बोरेटरची गाडी आणि जूनमधली फ्युएल इंजेक्शनची गाडी यांच्यात वयाचा फरक तीन महिन्यांचा, पण पिढीचा फरक एक आहे. शहरातला ग्राहक बहुधा नव्या पिढीला जास्त देतो. खेड्यातला मेकॅनिक मात्र कार्बोरेटर पाना-स्क्रूड्रायव्हरने लावू शकतो, म्हणून तिथे जुन्या पिढीलाही गिऱ्हाईक असते.

किलोमीटरच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण एकच झीज दोनदा कापली जाते. पाच वर्षे झाली म्हणून वयाचे पैसे कापायचे आणि पंचेचाळीस हजार किलोमीटर झाले म्हणून पुन्हा कापायचे, हे बरोबर नाही. पाच वर्षे वापरलेली गाडी तेवढी पळणारच होती. वयाच्या घसाऱ्यात ते पळणे आधीच धरलेले आहे. नोकरीला जाण्यायेण्याची गाडी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर चालते. सुट्ट्या वजा करून वर्षाचे आठ ते नऊ हजार होतात. हा नेहमीचा वापर धरला, तर कापायचे ते फक्त त्यावरच्या जादा किलोमीटरचे.

जादा किलोमीटरचा दर किती, हा आकडा हवेतून काढायची गरज नाही. वेळेवर ऑइल बदललेले सव्वाशे सीसीचे इंजिन साधारण ऐंशी हजारांच्या पुढे पिस्टन-रिंग आणि हेडच्या कामाला येते असे धरले, आणि त्या कामाला दहा-बारा हजार लागतात असे धरले, तर इंजिनाची झीज किलोमीटरमागे बारा ते पंधरा पैसे झाली. क्लच प्लेट, टायमिंग चेन, कोनसेट, शॉकअप, चाकांचे बेअरिंग या सगळ्यांची मिळून साधारण तेवढीच. म्हणजे तीस पैसे. टायर आणि चेन-स्प्रॉकेट यात मुद्दाम धरलेले नाहीत, कारण ते डोळ्यांनी दिसतात आणि त्यांचा हिशेब पुढे गाडीच्या अवस्थेत येतो. स्पेअर महाग असलेल्या मोठ्या गाडीचा दर याच पद्धतीने काढला तर दुप्पट-तिप्पट निघेल.

उलट बाजूने, कमी चाललेल्या गाडीला त्याच दराने बक्षीस देऊ नये. पाच वर्षांत नऊ हजार किलोमीटर ऐकून घेणारा हरखतो. पण पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर कडक होऊन त्यांना बारीक भेगा पडतात, बॅटरी बसते, रबरी सील सुकतात, टाकीत आतून गंज धरतो. टायर कधीचा आहे ते त्याच्या बाजूवरच्या चार आकड्यांत वाचता येते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२० असे असेल तर टायर २०२० च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी नव्यासारखी असली तरी तो टायर म्हाताराच. म्हणून कमी किलोमीटरची भर निम्म्या दराने घालावी आणि उभे राहिल्याने झालेला खर्च त्यातून वजा करावा.

हे सगळे मीटर खरे असेल तर. मीटर मागे घेणे ही तर जुनी विद्या आहे, पण त्याहून जास्त वेळा घडते ते निरुपद्रवी दिसणारे: मीटरची केबल तुटली आणि मालकाने वर्षभर ती बदललीच नाही. फसवण्याचा हेतू नसला तरी आकडा खोटाच. त्यामुळे मीटरपेक्षा पाय आणि हात जिथे रोज घासतात तिथे बघावे. ब्रेक पेडलच्या लोखंडावरची नक्षी, गिअर लिव्हरचे रबर, फूटरेस्टचे रबर, हँडलच्या मुठी, सीटची चालकाच्या बाजूची बसलेली जागा, किल्लीचे दात. मीटर अठरा हजार म्हणत असेल आणि गिअर लिव्हरचे रबर झिजून आतले लोखंड चमकत असेल, तर मीटरचे ऐकण्यात अर्थ नाही. मुठी आणि रबर शंभर-दोनशे रुपयांत बदलता येतात. म्हणून अठरा हजारांच्या गाडीवर ही रबरे कोरी करकरीत दिसली तर तीही शंकेचीच गोष्ट. मीटरवर भरवसा नसेल तेव्हा नियम सोपा आहे. वयाला शोभेल एवढे किलोमीटर धरायचे आणि कमी किलोमीटरची भर एक पैसाही द्यायची नाही.

गाडीची अवस्था बघायची ती सकाळी आणि थंड गाडीवर. ग्राहक येणार म्हणून मालकाने आधीच गाडी चालू करून ठेवली असेल तर निम्मी माहिती पुसली जाते. पोचल्याबरोबर इंजिनाच्या फिन्सजवळ हात न्यावा. ऊब लागली तर चहा घेऊन तासाभराने परत यावे. थंड गाडी सेल्फवर पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात उठते का, किक मारताना पायाला दाब नीट लागतो का, हे आधी बघायचे. मग सायलेन्सरच्या तोंडाशी बघायचे. थंडीत पहिल्या मिनिटात निघणारी पांढरी वाफ ही पाण्याची असते, ती विरून जाते. निळसर, रेंगाळणारा, जळक्या ऑइलचा वास असलेला धूर मात्र वेगळा. चालू करताच तो एकदा फुस्सकन येऊन थांबला तर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल झिरपते आहे. रेस देताना सतत येत असेल तर रिंगा गेल्या आहेत, आणि हा खर्च हजारांत नाही, दहा हजारांच्या घरात आहे. एका पांढऱ्या फडक्याची घडी सायलेन्सरच्या तोंडाशी काही सेकंद धरली की काळे ऑइलचे ठिपके उमटतात. वाद घालण्यापेक्षा ते फडके दाखवणे बरे.

अपघात झालेली गाडी रंगाने झाकता येते, भूमितीने झाकता येत नाही. हँडल सरळ धरून गाडी सपाट रस्त्यावर हळू चालवली की ती एका बाजूला ओढते का ते कळते. मागून दहा पावलांवर उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते बघायचे. चासीच्या गळ्यापाशी, म्हणजे हँडलचा दांडा जिथे बसतो तिथे, वेल्डिंगचा ताजा माग किंवा बाकीपेक्षा वेगळा रंग दिसला तर प्रश्न दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही. पुढे कधीतरी ही गाडी विकताना पुढचा ग्राहकही तेच बघणार आहे, त्यामुळे चासीला मार बसलेल्या गाडीची किंमत खर्चापेक्षा बरीच जास्त पडते. अशी गाडी घेऊच नये, हा सल्ला मेकॅनिक लोक देतात तो त्यांच्या अनुभवातून.

बाकीच्या दोषांची किंमत मात्र टक्केवारीत न मोजता रुपयांत मोजावी. 'कंडिशन जरा डाउन आहे, दहा टक्के कमी करा' असल्या बोलण्याला दोन्ही बाजूंनी धरबंध नसतो. मागचा टायर गोटा झाला आहे, तो बदलायला दोन हजार. पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळते, सील आणि ऑइल मिळून नऊशे. असे बोलले की सौदा जमिनीवर येतो. वजा मात्र तेवढेच करायचे जे लगेच करावे लागणार आहे आणि जे त्या वयाच्या इतर गाड्यांत सहसा नसते. निम्मी झिजलेली चेन, थोडा उडालेला रंग, टाकीवरचा किल्लीचा ओरखडा हे पाच वर्षांच्या प्रत्येक गाडीत असते आणि वयाच्या घसाऱ्यात कापून झालेले असते. विकणाऱ्यानेही हे ध्यानात घ्यावे. गाडी विकण्याच्या आठवड्यात नवे टायर टाकले तर त्यांचे पूर्ण पैसे क्वचितच वसूल होतात. सर्व्हिसिंग, धुणे आणि बंद पडलेला इंडिकेटर दुरुस्त करणे एवढा खर्च मात्र फिटतो, कारण बंद इंडिकेटर बघून घेणारा इंजिनावरही संशय घेऊ लागतो.

मॉडेलची मागणी हा चौथा घटक. तो वेगळा जोडायचा नसतो. वार्षिक घसाऱ्याचा दर म्हणजेच मागणी. स्प्लेंडरसारखी गाडी गावोगावच्या मेकॅनिकला डोळे झाकून खोलता येते, स्पेअर तालुक्याच्या दुकानात मिळते, पेट्रोल कमी पिते. म्हणून पहिल्या वर्षानंतर तिचा दर आठ-नऊ टक्क्यांवरच थांबतो. आयात स्पेअरवर चालणारी, सर्व्हिस सेंटर शहरातच असलेली महागडी गाडी वर्षाला पंधरा टक्क्यांनीही उतरते. तिथे गाडी वाईट असते असे नाही. ती घेऊ शकणारा जो थोडासा वर्ग आहे, त्यातल्या बहुतेकांना नवीच हवी असते. कंपनीने मॉडेलची नवी पिढी आणली की जुन्या पिढीचा दर एकदम उतरतो. मागणी ओळखायची सोपी खूण म्हणजे जाहिरातीची मुदत. त्याच मॉडेलच्या जाहिराती दोन आठवडे बघत राहायचे. सहा-सात दिवसांत गायब होणाऱ्या जाहिरातींचे आकडे खरे. महिनाभर तिथेच असलेला आकडा ही फक्त मालकाची इच्छा.

पुण्यातल्या एका सव्वाशे सीसीच्या गाडीचा हिशेब मांडून बघता येईल. आकडे गणितासाठी धरलेले आहेत, पण बाजारात बसतील असे. नवी गाडी आज ऑन-रोड एक लाखाला पडते. विकायची गाडी पाच वर्षांची, एमएच-१२ पासिंग, दुसऱ्या मालकाच्या नावावर, मीटर ६१,००० किलोमीटर. मालक ५२,००० म्हणतो.

पहिल्या वर्षाचे वीस टक्के जाऊन ८०,००० उरले. पुढची चार वर्षे दहा टक्क्यांनी ७२,०००, मग ६४,८००, मग ५८,३२० आणि शेवटी सुमारे ५२,५०० होतात. मालकाचा आकडा आणि हा आकडा जवळपास एकच आला, म्हणून तो बरोबर ठरतो का? आधी बाजार विचारायला हवा. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या आठ जाहिराती मिळाल्या: ४५, ४७, ४८, ४९, ५२, ५२, ५५ आणि ५८ हजार. यांची सरासरी काढण्यापेक्षा मधला आकडा घ्यावा, म्हणजे एखाद्या हट्टी मालकाचे ५८ हजार हिशेब बिघडवत नाहीत. मधला येतो ५०,५००. पण ही मागणीची किंमत आहे. घासाघीस होऊन सौदा साधारण पाच-सात टक्के खाली तुटतो, म्हणजे ४७,५०० च्या आसपास. याचा अर्थ या भागात या मॉडेलचा दर दहा टक्के नसून बाराच्या जवळ आहे. सूत्र आणि बाजार यांच्यात असा फरक पडला की बाजाराचे मानायचे. सूत्राचा उपयोग जाहिराती कमी असतील तेव्हा, आणि जाहिरातींतले आकडे फार भरकटलेले आहेत का ते ओळखण्यापुरता.

आता ४७,५०० ही त्या वयाच्या सर्वसाधारण गाडीची किंमत झाली. ही विशिष्ट गाडी त्यापेक्षा कुठे वेगळी आहे तेवढेच बघायचे. पाच वर्षांचा नेहमीचा वापर ४५,००० किलोमीटर; ही १६,००० जादा चालली. तीस पैशांनी ४,८०० रुपये वजा. मागचा टायर दोन हजार, शॉकअपचे सील नऊशे, बॅटरी चौदाशे, मिळून ४,३००. चेन निम्मी झिजलेली आहे आणि टाकीवर पोचा आहे, पण ते सोडून दिले. उरले ३८,४००.

मग कागद. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. त्यामुळे पाच वर्षांची गाडी विकायला येते तेव्हा तो विमा नेमका संपत आलेला किंवा संपलेला असतो. या गाडीचा संपला आहे. त्याचे सुमारे नऊशे. गाडीच्या नंबरवर पंधराशे रुपयांची ई-चलने बाकी आहेत. ती विकणाऱ्याने भरावीत किंवा किमतीतून कापावीत. एकूण २,४०० गेले आणि रास्त किंमत ३६,००० वर आली. जाहिरात बघण्यात आणि झीज मोजण्यात चूक होणारच, म्हणून चौतीस ते अडतीस हजारांच्या पट्ट्यात कुठेही सौदा तुटला तर कोणी फसले असे म्हणता येणार नाही. बावन्न आणि छत्तीस यांच्यातले सोळा हजार मालकाला पचायला जड जातात. तो शेजाऱ्याच्या पन्नास हजारांना गेलेल्या गाडीचा दाखला देतो, आणि ती गाडी तीस हजार किलोमीटर चाललेली, नवे टायर टाकलेली होती हे सांगायचे राहून जाते.

हीच गाडी डीलरकडे नेली तर तो तीस-एकतीसच्या वर जाणार नाही. यात लबाडी असतेच असे नाही. त्याला ती दुरुस्त करायची आहे, महिना-दीड महिना जागा अडवून उभी करायची आहे आणि नंतर ती परत येऊ नये याची काळजी घ्यायची आहे. पुढे तो तीच गाडी बेचाळीसला विकेल. दसरा-दिवाळीनंतर नव्या गाड्यांच्या बदल्यात आलेल्या जुन्या गाड्यांनी त्याचे आवार भरलेले असते. त्या दिवसांत घेणाऱ्याची बाजू थोडी वरचढ असते.

कागदांत काही गोष्टी अशा असतात ज्यांची किंमत वजा करून भागत नाही. कर्ज फिटले पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच असेल, तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. ते काम विकणाऱ्यानेच आधी करावे. हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून, तारखा कोऱ्या ठेवून देऊन टाकायची पद्धत सर्रास आहे. अशी 'ओपन' फॉर्मवर दोन हात फिरलेली गाडी स्वस्त मिळते, कारण आरसीवर नाव अजून पहिल्याचेच असते आणि तो माणूस सापडेल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. पहिल्या मालकासाठीही हे घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की गाडी विकली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्याकडे येते.

परराज्याच्या पासिंगचेही तसेच. कोल्हापूर-सांगलीकडे केए नंबरची गाडी चार-पाच हजारांनी स्वस्त दिसते. ती महाराष्ट्रात कायम वापरायची तर मूळ आरटीओची एनओसी आणावी लागते, इथला कर गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागतो आणि नवा नंबर घ्यावा लागतो. एजंटाची फी धरली की स्वस्ताई बहुधा तिथेच संपते. खर्चाचा अंदाज आधी काढून तो किमतीतून कापला, तरच असा सौदा परवडतो.

गाडी पंधरा वर्षांकडे जाऊ लागली की वरचा हिशेब सैल पडतो. नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्यामुळे साडेचौदा वर्षांची गाडी आणि नुकतीच पुन्हा पासिंग करून घेतलेली साडेपंधरा वर्षांची गाडी यांत दुसरी महाग जाऊ शकते, वयाने मोठी असूनही. या टप्प्यावर टक्केवारी सोडून द्यावी. गाडी चालती आहे का, किती वर्षांचे पासिंग शिल्लक आहे आणि पुढच्या दोन वर्षांत किती खर्च निघेल, एवढेच बघून ठोक रकमेत बोलावे. काही मोजक्या गाड्यांच्या बाबतीत तर घसाऱ्याची दिशाच उलटते. १९९६ मध्ये उत्पादन बंद झालेली यामाहा आरएक्स १०० आज तिच्या नव्या असतानाच्या किमतीच्या कितीतरी पट भावाने मागितली जाते. तिथे किलोमीटर कोणी विचारत नाही. इंजिन आणि चासीचे नंबर आरसीशी जुळतात का, टाकी आणि साइड पॅनल मूळचे आहेत का, आणि नोंदणी जिवंत आहे का, या तीन प्रश्नांवर भाव ठरतो.